बहुपदीचा भागाकार: सुटलेलं पद आणि चुकलेलं चिन्ह कागदावरच कसं पकडायचं?

मृण्मयी_इंदूर

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे ती 'रिमेंडर' म्हणते, मी 'बाकी' म्हणते, आणि दोघी मिळून एकाच गणितावर अडून बसतो. बहुपदीला बहुपदीने भागायची रीत तिला येते, अगदी तोंडपाठ आहे. पण चार-पाच ओळी खाली गेल्या की कुठेतरी एखादं चिन्ह उलटं होतं किंवा एखादं पदच गायब होतं. उत्तर चुकलंय हे तिला कळतं ते पुस्तकाच्या मागचं पान उघडल्यावर. परीक्षेत मागचं पान नसतं.

कालचं गणित असं होतं: 2x⁴ − 5x² + 3x − 7 ला x² − 2x + 3 ने भागा. तिने दोनदा सोडवलं, दोन वेगळी उत्तरं आली.

पहिल्यांदा: भागाकार 2x² − 1, बाकी −5x − 4.
दुसऱ्यांदा: भागाकार 2x² + 4x − 19, बाकी −47x + 50.

दोन्ही चूक आहेत. मला बरोबर उत्तर नकोय, ते मागे छापलेलं आहे. पूर्ण गणित पुन्हा न करता चूक आहे हे कळावं, आणि जमलं तर कुठे आहे तेही कळावं, असा काही ताळा आहे का?

---

केतकी_जी

आमच्याकडेही हेच! मुलगा चौथीत आहे. 4208 ला 4 ने भागताना मधलं शून्य खातो आणि 152 की काय ते लिहितो. मी त्याला भागाकारात प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर एक घर आखून देते. एक घर रिकामं राहिलं की त्याला कळतं. चौकटींची वही घ्या, खजूरी बाजारात ढीगभर मिळतात.

---

मृण्मयी_इंदूर

केतकी, हे आकड्यांचं नाही गं, x वाल्या पदांचं आहे. पण वहीचं लक्षात ठेवते.

---

अक्षय_भंवरकुआँ

मी कोचिंगमध्ये शिकवतो. सोपं आहे ताई. भाजक शून्य होईल अशी x ची किंमत काढायची आणि ती भाज्यात टाकायची. जे येईल ती बाकी. शेषप्रमेय. लांबलचक भागाकाराची गरजच नाही, आणि भागाकार हवा असेल तर संश्लेषक पद्धत आहे, तीन ओळींत काम होतं.

---

वैजयंती_मॅडम

अक्षय, भाजक x − 2 सारखा एकघाती असता तर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. इथे भाजक x² − 2x + 3 आहे. b² − 4ac काढून बघा, 4 − 12, म्हणजे −8. हा भाजक शून्य करणारी वास्तव किंमतच नाही. नववीची मुलगी काय टाकणार? आणि संश्लेषक पद्धत शाळेत शिकवतात तीही एकघाती भाजकापुरतीच.

मृण्मयीताई, बरीच वर्षं नववी-दहावीच्या वह्या तपासल्यात, त्यामुळे तुमच्या लेकीची दोन्ही उत्तरं बघून बहुतेक काय झालं असेल ते दिसतंय. आधी दुसरं घेऊ, ते जास्त शिकवणारं आहे. तिची मांडणी अशी असणार:

```
                 2x² + 4x  − 19
              ______________________________
x² − 2x + 3 ) 2x⁴ + 0x³ −  5x² +  3x −  7
              2x⁴ − 4x³ +  6x²
              ------------------
                    4x³ − 11x² +  3x
                    4x³ −  8x² + 12x
                    ------------------
                        − 19x² −  9x −  7
                        − 19x² + 38x − 57
                        ------------------
                               − 47x + 50
```

दुसरी वजाबाकी बघा. −11x² मधून −8x² वजा करायचे होते, म्हणजे −11 + 8 = −3. तिने 8 चं चिन्ह बदललं नाही, −11 − 8 केलं आणि −19 आले. मागचं-पुढचं सगळं बरोबर आहे. शेवटची वजाबाकीसुद्धा −19 ला धरून अगदी चोख केली आहे. त्यामुळे नजर टाकली तर गणित नीटनेटकं दिसतं.

आता ताळा. भाजक × भागाकार + बाकी = भाज्य, हे कोणत्याही x साठी खरं असलं पाहिजे. सबंध गुणाकार करत बसू नका. x = 10 घ्या.

भाज्य: 20000 − 500 + 30 − 7 = 19523
भाजक: 100 − 20 + 3 = 83
तिचा भागाकार: 200 + 40 − 19 = 221
तिची बाकी: −470 + 50 = −420

83 × 221 = 18343, त्यातून 420 गेले, उरले 17923. हवे होते 19523. फरक 1600.

हा 1600 नीट बघा. x = 10 असताना x² म्हणजे 100. तेव्हा 1600 म्हणजे 16x². आणि 16 हे 8 च्या दुप्पट. कागदावर 8x² कुठे आहे ते शोधा, दुसऱ्या वजाबाकीत सापडेल. चूक तिथेच.

---

मृण्मयी_इंदूर

मॅडम, हे जादूसारखं वाटतंय. दुप्पट का पण?

---

वैजयंती_मॅडम

जादू काही नाही. वजाबाकी करताना 8 चं चिन्ह बदललं असतं तर आपण 8 मिळवले असते. बदललं नाही, म्हणून 8 वजा झाले. मिळवायचे ते वजा केले, फरक सोळाचा.

आणि हा फरक शेवटपर्यंत तसाच का पोचतो? कारण चुकीची ओळ आल्यावरही खालच्या पायऱ्या तिने त्या ओळीशी प्रामाणिक राहून केल्या. वरच्या ओळीतून जे काढलं आणि जे उरलं त्यांची बेरीज वरची ओळ यायला हवी. हा हिशोब फक्त एका ठिकाणी तुटला, 16x² ने. बाकी सगळीकडे जुळला. म्हणून भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी केलं की भाज्यापेक्षा बरोबर तेवढाच फरक दिसतो.

याच्यावरून अजून एक कळतं. फरक दुप्पट असेल तर चिन्ह बदललेलं नाही. फरक एखाद्या पदाएवढाच, एकपट असेल, तर बहुधा ते पद सुटलंय, वरून खाली घ्यायचं राहिलंय किंवा वजाच केलेलं नाही. आणि सहगुणक पूर्णांक असताना एकाच पदाचा फरक विषम आला, 5x किंवा 7 वगैरे, तर नुसत्या चिन्हाची चूक असूच शकत नाही, कारण तिथे फरक नेहमी सम येतो. मग गुणाकार तपासा.

---

तात्या_रामबाग

वैजयंतीबाई, मी बँकेत आयुष्य काढलं, x-बिक्स विसरलो. पण आमच्या वेळी गुणाकार-भागाकाराला नवाचा ताळा करायचो. आकड्यांची बेरीज घ्यायची, ती पुन्हा एक आकडी करायची. तसं इथे सहगुणकांची नुसती बेरीज घेऊन चालणार नाही का? दहा कशाला टाकायचे, x = 1 टाका. 83 चा पाढा कुणाला येतो?

---

वैजयंती_मॅडम

तात्या, तुम्ही नकळत नेमक्या जागी बोट ठेवलंत. दहाला नवाने भागलं तर एक उरतो, म्हणून नवाच्या ताळ्यात दहा, शंभर, हजार सगळे एकाच भावाने मोजले जातात. x = 1 टाकणं हे बहुपदीतलं तेच काम. आणि नवाच्या ताळ्याची जी खोट तीच याची. खतावणीत 54 च्या जागी 45 पडले तर नवाच्या ताळ्याला कळायचं का?

---

तात्या_रामबाग

नाही कळायचं. उलट जमा-नावे यांच्यात नवाच्या पटीत फरक आला की आम्ही आधी आकडे उलटे पडलेत का तेच बघायचो. आणि फरकाच्या निम्म्याची रक्कम शोधायचो, म्हणजे जमेची रक्कम नावे पडली असेल तर सापडायची. तुमचं दुप्पट वाचून तेच आठवलं.

---

वैजयंती_मॅडम

तंतोतंत तेच तात्या. आता लेकीचं पहिलं उत्तर घ्या. तिथे तिने भाज्यात x³ ची जागा सोडलेली नसणार. मग पहिली वजाबाकी अशी दिसते:

```
2x⁴ − 5x² + 3x  − 7
2x⁴ − 4x³ + 6x²
```

−5x² च्या खाली −4x³ आलं, 3x च्या खाली 6x². घाईत मुलं घात बघत नाहीत, आकडे वजा करतात. −5 + 4 = −1 आणि 3 − 6 = −3. लिहिलं −x² − 3x − 7. पुढे भागाकारात −1 आणि बाकी −5x − 4.

याला x = 1 लावा. भाज्य 2 − 5 + 3 − 7 = −7. भाजक 2. भागाकार 2 − 1 = 1. बाकी −9. आणि 2 × 1 − 9 = −7. जुळलं! चुकीचं उत्तर ताळ्यात पास. कारण x = 1 ला x³ आणि x² यातला फरकच दिसत नाही. पद एका घरातून दुसऱ्या घरात घसरलं तरी बेरीज तीच.

x = 0 तर त्याहून निकामी. त्यात फक्त शेवटची सुटी पदं तपासली जातात. 3 × (−1) − 4 = −7, जुळलं. दुसऱ्या चुकीच्या उत्तरालाही 3 × (−19) + 50 = −7, तेही जुळलं.

x = 10 ला मात्र 83 × 199 = 16517, वजा 54, म्हणजे 16463. हवे 19523. पकडलं. तेव्हा x = 1 ला जुळतंय पण x = 10 ला नाही असं झालं, तर पहिला संशय घर चुकल्याचा. भाज्यात कोणता घात गाळलेला आहे ते बघा.

---

निनाद_बडोदे

बडोद्याहून नमस्कार. जरा अवांतर, पण राहवत नाही. आमच्या कामात डेटा पाठवताना तो वाटेत बिघडला का हे ओळखायला सीआरसी काढतात, तोही बहुपदीचा लांब भागाकारच असतो. फक्त सहगुणक 0 आणि 1 एवढेच, आणि 1 + 1 = 0. त्यामुळे वजाबाकी आणि बेरीज एकच. चिन्हाची चूक करायची सोयच नाही! कॉलेजात हे कागदावर करायला लागायचं तेव्हा मुलं फक्त एका ठिकाणी आपटायची, मधलं शून्य गाळून पुढच्या आकड्यावर उडी मारण्यात. म्हणजे मॅडम म्हणताहेत त्यातला घराचा रोग तिथेही उरतोच.

x = 10 ऐवजी x = −1 आणि x = 2 असे दोन छोटे ताळे का नकोत? आकडे लहान राहतात. पहिल्या चुकीच्या उत्तराला x = 2 लावलं तर 3 × 7 − 14 = 7 येतात, भाज्य 11 आहे. पकडलं जातं.

---

वैजयंती_मॅडम

चालेल की निनाद. पकडायचंच असेल तर x = 2 पुरे, आणि परीक्षेत वेळ कमी असेल तर मीही मुलांना तेच सांगते. पण फरक 4 आला तर तो कुठला ते त्यावरून कळत नाही. 4 म्हणजे x² की 2x की नुसते चार? x = 10 चा फायदा हा की फरक घरांसकट दिसतो.

---

अक्षय_भंवरकुआँ

मॅडम, एकघातीबद्दलचं मान्य. पण मुद्दा सोडत नाही. 1600 म्हणजे 16x² च कशावरून? x³ + 6x² सुद्धा 1600 च होतात.

आणि माझ्या बॅचमध्ये मुलं एकच चिन्ह चुकत नाहीत. पहिल्या पदाचं चिन्ह बदलतात, कारण ते उडवायचं असतं, आणि बाकीच्या दोन्ही पदांचं विसरतात. हेच गणित घ्या. दुसऱ्या वजाबाकीत −11 − 8 = −19 आणि 3 + 12 = 15. पुढे भागाकार 2x² + 4x − 19, बाकी −23x + 50. x = 10 ला 18343 − 180 = 18163. फरक 1360. यातून काय वाचायचं? 13x² + 6x? 14x² − 4x? तुमच्या दुप्पटीच्या नियमाने मी 7x² आणि 2x शोधत बसलो तर कागदावर तसलं काहीच नाही.

---

वैजयंती_मॅडम

हरकत रास्त आहे. खरा फरक आहे 16x² − 24x, म्हणजे 8 ची दुप्पट आणि 12 ची दुप्पट. पण सहगुणक दोन आकडी झाले की दहाच्या घरात मावत नाहीत, एकमेकांत मिसळतात. तिथे x = 10 फक्त घंटा वाजवतो, पत्ता सांगत नाही. 1600 च्या वेळीही मी कागदावर 8x² दिसतंय का ते बघून मगच बोट ठेवलं होतं.

---

तात्या_रामबाग

मी कॅल्क्युलेटर घेऊन x = 100 टाकून बघितलं. भाज्य 199950293. अक्षयच्या मुलाचं उत्तर 9803 × 20381 − 2250 = 199792693. फरक 157600. दोन-दोनाचे गट पाडले तर 15, 76, 00. आणि 76 म्हणजे शंभराला 24 कमी, तेव्हा 16 आणि उणे 24. निघाले की बाई तुमचे 16x² − 24x!

---

अक्षय_भंवरकुआँ

काका, सलाम. पण परीक्षेत कॅल्क्युलेटर कुठून आणायचा?

---

वैजयंती_मॅडम

म्हणून परीक्षेत दुसरा उपाय, आणि खरं तर तोच आधी सांगायला हवा. प्रत्येक वजाबाकी झाली की लगेच उलटी बेरीज करायची, खालून वर. उरलेली ओळ अधिक वजा केलेली ओळ म्हणजे वरची ओळ. −19 आणि −8 मिळवले तर −27, वर आहे −11. जागच्या जागी सापडलं. अक्षयच्या मुलाचे 15 आणि 12 मिळून 27, वर आहेत 3. तेही सापडलं.

फक्त एक पथ्य आहे. वजा केलेल्या ओळीची मूळ चिन्हं वाचता आली पाहिजेत. मुलं मूळ चिन्हावरच गिरवतात, उण्याचं अधिक करतात, मग तपासताना मूळ काय होतं ते त्यांनाच कळत नाही. बदललेली चिन्हं त्या ओळीच्या खाली वेगळी, बारीक लिहा. वरच्यांना हात लावू नका.

---

निनाद_बडोदे

मी तर सरळ गुणाकारच उलट्या चिन्हांनी लिहून बेरीज करायचो. 4x³ − 8x² + 12x ऐवजी थेट −4x³ + 8x² − 12x. बेरजेत चुका कमी होतात.

---

अक्षय_भंवरकुआँ

त्यात मुलं गुणाकार करतानाच चुकतात, कारण मनात गुणायचं आणि मनातच उलटायचं. शिवाय काही शिक्षक तशी मांडणी चालवून घेत नाहीत. मी नाही सुचवणार.

---

निनाद_बडोदे

माझा अनुभव उलटा आहे, पण असो.

---

मृण्मयी_इंदूर

लेकीला काल रात्री बसवलं. नवीन गणित दिलं: 3x³ − x² + 4 भागिले x² + x − 2. x चं पद गाळलेलं आहे तिथे तिने स्वतःहून 0x लिहिलं. उत्तर काढलं 3x − 4, बाकी 10x − 8. मग x = 10 टाकलं. भाज्य 2904. 108 × 26 = 2808, अधिक 92, म्हणजे 2900. चार कमी. "आई, चारच आहे, दुप्पट नाही, म्हणजे मी +4 खाली घ्यायला विसरले." खरंच विसरली होती. बाकी 10x − 4 हवी.

पण एक शंका. एका गणितात तिने मध्येच हात थांबवला, बाकीत x² शिल्लक असताना. भाजकही x² चाच. तरी ताळा जुळला!

---

वैजयंती_मॅडम

जुळणारच. अर्ध्यावर थांबलं तरी भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी हे खरंच असतं. पहिल्याच गणितात 2x² + 4x वर थांबून बाकी −3x² − 9x − 7 लिहिली तरी 83 × 240 = 19920, वजा 397, बरोबर 19523. ताळा फक्त हिशोब जुळतो का ते बघतो, काम संपलं का ते नाही. त्यासाठी बाकीचा घात भाजकाच्या घातापेक्षा लहान आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं.

आणि भाज्याची किंमत काढताना आकडे छापील प्रश्नावरून घ्या, वहीत उतरवलेल्या ओळीवरून नको. उतरवतानाच 3x चं −3x झालं असेल तर वहीतला ताळा खुशाल जुळेल.

---

केतकी_जी

मॅडम, हा x = 10 चा प्रकार म्हणजे चौथीचाच भागाकार झाला की! 19523 भागिले 83. करून बघितला, 235 आला आणि बाकी 18. पण तुमचं बरोबर उत्तर 2x² + 4x − 3, बाकी −15x + 2, त्यात x = 10 टाकलं तर 237 आणि बाकी −148 येतेय. हे वेगळं कसं?

---

वैजयंती_मॅडम

छान पकडलंत. 83 × 237 = 19671, त्यातून 148 गेले की 19523. म्हणजे तुमचं आणि आमचं दोन्ही बरोबर. आकड्यांच्या भागाकारात बाकी शून्य ते 82 च्या मध्ये ठेवायची शिस्त असते. बहुपदीत शिस्त घाताची असते, बाकी उणे निघाली तरी हरकत नाही. −148 मध्ये 83 दोनदा मिळवा, 18 येतील, आणि 237 मधून दोन कमी केले की तुमचे 235.

---

तात्या_रामबाग

आणि भाजक 2x − 3 असला, भागाकारात अपूर्णांक आले, तर तुमचं एकपट-दुप्पट कसं वाचायचं बाई? नातवाच्या वहीत तसलीच आहेत.

---

वैजयंती_मॅडम

तिथे सम-विषमचा नियम गेला तात्या. 7/2 चं चिन्ह चुकलं तर फरक 7 येतो, विषम. दुप्पट तेव्हाही दुप्पटच असते, पण कागदावर साडेतीन शोधावे लागतात. वहीतलं एखादं पूर्ण गणित मांडा इथे, म्हणजे बघता येईल.